वरणाच्या पाण्याचा हिशेब

आपली लेकरे ठेंगणी आणि बारकी का राहतात, असे वस्तीत विचारले की दोन उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे : "आमच्या घरात सगळेच ठेंगणे हायेत, ताई." दुसरे उत्तर चळवळीतल्या माणसाचे असते : गरिबी आहे, दुसरे काय. पहिले उत्तर चुकीचे आहे. दुसरे खरे आहे, पण अपुरे आहे. गरिबी लेकराच्या हाडापर्यंत नेमकी कोणत्या वाटेने पोहोचते, हे त्यातून कळत नाही. ती वाट आम्ही उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये काम करताना पाहत आलो आहोत. ती बऱ्याच घरांत एका वाटीतून जाते, आणि त्या वाटीत वरणाचे पाणी असते.

आधी पहिल्या उत्तराचा निकाल लावू. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या बाळांची वाढ मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली बाळे दक्षिण दिल्लीतल्या खात्यापित्या घरांची होती. आईचे दूध मिळणारी, पुरेसे खाणारी, ज्यांच्या आया सिगारेट ओढत नाहीत अशी बाळे निवडली होती. निष्कर्ष असा निघाला की पहिल्या पाच वर्षांत या सगळ्या देशांची बाळे जवळजवळ सारख्याच वेगाने वाढतात. त्यावरूनच २००६ मध्ये वाढीचे नवे मापदंड आले आणि आज अंगणवाडीत तेच वापरले जातात. म्हणजे एक वर्षाच्या मुलीची मध्यम लांबी ७४ सेंटिमीटर, मग ती ओस्लोची असो की नागपूरची. ठेंगणेपणा जातीच्या रक्तातून येतो, हे म्हणणे मनुस्मृतीच्याच घरातले आहे. ते आपल्या आजीच्या तोंडून आले म्हणून खरे ठरत नाही.

त्याच वयाच्या मुलीची लांबी ६८.९ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तिची वाढ खुंटली असे धरतात. वजन ७ किलोपेक्षा कमी असेल तर तिला कमी वजनाची म्हणतात. ही दोन वेगवेगळी मापे आहेत. वजन आजारपणात घटते आणि नीट खाऊ घातले की परत भरते. लांबी महिनोन् महिन्यांच्या उपासाची नोंद ठेवते, आणि दोन वर्षांनंतर ती नोंद फारशी पुसता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुंटलेली आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. आधीच्या फेरीत हेच आकडे ३४.४ आणि ३६.० होते. मधल्या पाच वर्षांत काहीच हलले नाही.

ही लांबी मागे पडण्याची सुरुवात पोटातच होऊ शकते. आई रक्तक्षयाची असेल, गरोदरपणात अर्धपोटी असेल, तर बाळ जन्मतःच लहान असते. पण मोठी घसरण सहाव्या महिन्यानंतर दिसते. सहा महिने आईचे दूध पुरते. त्यानंतर दूध चालूच ठेवायचे असते, पण ते एकटे पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि दुसऱ्या वर्षात सुमारे ५५०. आता अडचण बघा. बाळाचे पोट एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलिलिटर इतकेच धरते. साडेसहा किलोच्या बाळाचे पोट म्हणजे जेमतेम एक वाटी. त्या एका वाटीत काय आहे, यावर सगळे ठरते.

वरणाचे वरचे पाणी काढून बाळाला पाजायची आपल्याकडे रीत आहे. "दात नाही आले तं जाड कसं खाईन?" असे आजी विचारते. पाणी हलके, पचायला सोपे आणि डाळीचा सगळा 'कस' त्यात उतरतो, अशी समजूत आहे. कस त्यात उतरत नाही. डाळ खाली बसते आणि वर हळद-मिठाचे पाणी राहते. अशा १०० मिलिलिटर पाण्यात फार तर वीसेक कॅलरी असतात. ३०० कॅलरी त्यातून द्यायच्या तर दिवसाला दीड लिटर पाजावे लागेल, म्हणजे बाळाचे पोट आठ वेळा काठोकाठ भरावे लागेल. शिवाय मधे आईचे दूधही प्यायचे आहे. ते होत नाही. बाळाचे पोट भरते, ते रडायचे थांबते, घरच्यांना वाटते जेवले. उपाशी लेकरू रडते म्हणून कळते. पाण्याने भरलेले लेकरू रडतही नाही.

एका मुलीची गोष्ट सांगतो. तिचे नाव देत नाही. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बांधकामावर जातात. दिवसभर बाळ आजीजवळ. नऊ महिन्यांची असताना आम्ही तिला मोजले तेव्हा वजन ६.३ किलो आणि लांबी ६५ सेंटिमीटर होती. त्या वयाच्या मुलींची खालची रेषा वजनाला ६.५ आणि लांबीला ६५.३ आहे. दोन्हींत ती रेषेच्या खाली. घरात अन्न नव्हते असे नाही. तूर डाळ होती, तांदूळ होता, तेल होते, डब्यात शेंगदाणे होते. तिच्या वाट्याला काय येत होते, ते आम्ही आजीसोबत बसून लिहून काढले. सकाळी चहात बुडवलेली दोन बिस्किटे, सुमारे ४५ कॅलरी. दुपारी आणि संध्याकाळी अर्धी-अर्धी वाटी वरणाचे पाणी, मिळून २० ते ४०. त्यात कुस्करलेला दोन चमचे भात, ४० च्या आसपास. बेरीज सव्वाशेच्या आत. लागतात ३००. रोज निम्म्याहून जास्त तूट होती, आणि तीही पाचच रुपयांच्या पुड्यावर पैसे घालवून.

इथे विदर्भाला बाहेरून काही आणायची गरज नाही. आपल्याकडे सातू आहे. उन्हाळ्यात आपण तो गूळ घालून पितो, पण बाळासाठी तो फार कामाचा आहे. आम्ही सांगतो ते प्रमाण असे : ४०० ग्रॅम गहू, २०० ग्रॅम फुटाण्याची डाळ, १०० ग्रॅम शेंगदाणे. गहू निवडून खमंग भाजायचा, शेंगदाणे भाजून सोलायचे, फुटाण्याची डाळ आधीच भाजलेली असते. तिन्ही मिळून बारीक दळायचे. गव्हात जे प्रथिन कमी पडते ते हरभरा भरून काढतो आणि शेंगदाण्यातून तेल मिळते. या पिठाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३८० कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिने येतात. २५ ग्रॅम पीठ, म्हणजे अंदाजे तीन भरलेले मोठे चमचे, पाण्यात कालवून पाच मिनिटे शिजवायचे. उतरवल्यावर एक लहान चमचा तेल आणि कुस्करलेले अर्धे छोटे केळे घालायचे. या एका वाटीत सुमारे १६० कॅलरी येतात. वरणाच्या पाण्याच्या वाटीच्या चार ते आठपट. आजच्या किराणा भावात केळे सोडून ही वाटी तीन रुपयांच्या आसपास पडते.

काही सावधगिरी पाळावी लागते. शेंगदाणे खवट, सुरकुतलेले किंवा बुरशीचे असतील तर टाकून द्यायचे. ती बुरशी विषारी असते आणि भाजल्याने पुरती जात नाही. आख्खा दाणा बाळाला कधीच द्यायचा नाही, श्वासनलिकेत अडकतो. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ घालायची गरज नाही, आणि मध तर देऊच नये. पूर्व विदर्भात स्वस्त म्हणून लाखोळी डाळ मिसळली जाते. बाळाच्या पिठात ती नको.

आता खरी अडचण. घट्ट पेज शिजवली की ती गार होताना खळीसारखी होते. बाळ तोंड फिरवते. आई मग त्यात पाणी ओतते, आणि आपण पुन्हा वरणाच्या पाण्याकडे परततो. ही आईची चूक नाही, पिठाचा गुण आहे. त्यावर उपाय बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांच्या गटाने अभ्यासला होता, आणि तो आपल्या आजीच्या घरातलाच आहे : मोड आलेल्या धान्याचे पीठ. धान्याला मोड येतात तेव्हा त्यात एक पाचक रस तयार होतो, जो पिष्टाच्या लांब साखळ्या तोडतो. तेच पीठ चिमूटभर घट्ट पेजेत घातले की पेज काही मिनिटांत पातळ होते. पाणी घातलेले नसते, म्हणून कॅलरी तेवढ्याच राहतात.

करायचे असे. पाव किलो गहू रात्रभर भिजवायचा, मग ओल्या फडक्यात दीड-दोन दिवस बांधून ठेवायचा. फडके वाळू द्यायचे नाही. पाव इंचाचे मोड आले की उन्हात कडक वाळवायचा, चोळून मोड-मुळे झाडून टाकायची, तव्यावर मंद आचेवर फक्त ओल जाईपर्यंत गरम करून दळायचा. ज्वारी वापरू नका, तिच्या कोंबात विषारी द्रव्य तयार होते. नागपूरच्या दमट पावसाळ्यात फडक्यात बुरशी चढते. आंबूस वास आला किंवा काळे ठिपके दिसले तर तो गहू फेकायचा. पेज शिजली की गॅसवरून उतरवायची, बुडबुडे थांबू द्यायचे, मग अर्धा चहाचा चमचा हे पीठ घालून ढवळायचे. पाच-सात मिनिटांत ती चमच्यावरून सहज ओघळू लागते. मग एक उकळी आणायची, कारण मोड आणताना जंतूही वाढलेले असू शकतात. उकळत्या पेजेत पीठ टाकले तर तो रस मरतो आणि पेज पातळ होत नाही. दळण्याआधी गहू लाल होईपर्यंत भाजला तरी तेच होते. पेज पातळ झाली नाही, तर या दोनपैकी एक घडले आहे असे समजा.

त्या मुलीच्या घरी हेच सुरू केले. सकाळी आणि दुपारी एक-एक वाटी सातूची पेज, संध्याकाळी तेल घातलेली घट्ट खिचडी, दिवसाआड एक पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून. पहिले आठ दिवस तिने अर्धीच वाटी खाल्ली. आजीला "जबरदस्ती करू नका, थोड्या वेळाने पुन्हा द्या" एवढेच सांगितले. दुसऱ्या महिन्यात ताप आणि जुलाब झाले, वजन थांबले. अशा वेळी घरचे खाणे बंद करतात. खाणे चालू ठेवायचे असते आणि बरे झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त द्यायचे असते. तिला तसे दिले. वर्षाची झाली तेव्हा वजन ७.३ किलो होते, रेषेच्या वर. लांबी ६८.५ सेंटिमीटर, रेषेच्या अजून थोडी खाली. वजन तीन महिन्यांत भरून निघते, लांबी तेवढ्यात निघत नाही. म्हणून नऊ महिन्यांची वाट पाहायची नाही. उष्टावण सहा महिन्यांनाच करायचे आणि त्या दिवसापासून वाटी घट्ट ठेवायची.

पेज सगळे काही करत नाही. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर बाळाला सातू नव्हे, पोषण पुनर्वसन केंद्र लागते, त्याच दिवशी. नळाला गटाराचे पाणी मिसळत असेल तर वारंवार जुलाब होतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. अंड्याबद्दलही प्रामाणिक राहू. इक्वाडोरमध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडे दिले तेव्हा खुंटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे झाले. तोच प्रयोग मलावीत केला तेव्हा लांबीत फरक दिसला नाही. तिथली बाळे तळ्यातली मासळी आधीपासून खात होती. जिथे ताटात प्राण्यांपासून मिळणारे अन्न नसतेच, तिथे अंड्याचा उपयोग जास्त होण्याची शक्यता आहे. आपल्या वस्तीतल्या बाळाचे ताट कोणत्या प्रकारात मोडते, ते सांगायला नको.

आणि इथून हा प्रश्न स्वयंपाकघराच्या बाहेर पडतो. अंडे पौष्टिक आहे हे शासनाला माहीत नाही असे नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी क्षेत्रातल्या सात महिने ते सहा वर्षांच्या बालकांना अंडी द्यायचे शासनानेच ठरवले. मग शहरातल्या वस्तीचे बाळ त्या यादीत का नाही? त्याला घरपोच आहाराचे पाकीट मिळते. नियमाने त्यातून रोज ठरलेल्या कॅलरी आणि प्रथिने मिळायला हवीत. पण पाकीट घरात आले की ते चार भावंडांत वाटले जाते. बाळाच्या वाट्याला दोन चमचे येतात. शाळेत तर उलटेच झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे सुरू केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा बंद करून शाळांना लोकवर्गणी काढायला सांगितले. ज्यांच्या घरी अंडे रोज शिजते त्यांच्यासाठी हा निर्णय नव्हता. ज्यांना अंडे चालत नाही अशांच्या ताटाला सगळ्यांचे ताट मानायचे आणि त्याची किंमत आपल्या लेकरांच्या उंचीतून वसूल करायची, याला आहाराचे धोरण म्हणत नाहीत.

दुसरा प्रश्न वेळेचा. दिवसाला तीन-चार वेळा, सावकाश, समोर बसून भरवायचे तर कोणीतरी घरी लागते. धुणीभांडी करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा नाही. २०१७ च्या सुधारित कायद्याने २६ आठवड्यांची रजा आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर दिले, पण त्या कायद्याच्या कक्षेत ती आली नाही. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. जवळजवळ शंभर वर्षे झाली. ती विश्रांती अजून मोलकरणीच्या घरी पोहोचलेली नाही.

म्हणून आपल्या मंडळांनी दोन कामे सोबत करावीत. विहारात महिन्यातून एका रविवारी दोन वर्षांखालच्या प्रत्येक बाळाची लांबी झोपवून मोजावी आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावी. अंगणवाडीत अनेकदा वजनच तेवढे होते. उभे करून मोजले तर साधारण ०.७ सेंटिमीटर कमी भरते, म्हणून मोजपट्टी आडवीच हवी. त्याच दिवशी मोडाचा गहू दळून पुड्या वाटाव्यात. पाव किलोत दोन-तीन घरांचा महिना निघतो. आणि साठलेल्या त्या मोजमापांची यादी घेऊन महापालिकेकडे आणि बालविकास प्रकल्प कार्यालयात जावे : शहरी अंगणवाडीत सात महिन्यांपासून अंडे आणि वस्तीत पाळणाघर. निवेदनावर घोषणा कमी आणि सेंटिमीटर जास्त असू द्यावेत. घोषणेला आश्वासन देऊन परत पाठवता येते, पण वस्तीतल्या चाळीस बाळांच्या लांबीच्या यादीला काहीतरी उत्तर द्यावेच लागते.

जय भीम!